मीटरवरचे तास

गेल्या दिवाळीत अण्णांनी माझ्यासमोर एक फाइल ठेवली. आत जेसीबीचं कोटेशन होतं, फायनान्सवाल्याने पेनाने लिहिलेला हप्त्याचा कागद होता आणि एक कोरा फॉर्म. फॉर्मवर सहअर्जदाराच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक खूण केलेली होती. ती जागा माझ्या सहीची होती.

कराडपासून पाऊण तासावर आमचं गाव आहे. अण्णा पंचवीस वर्षं छोटी कंत्राटं घेतात. पाइपलाइनच्या चाऱ्या, पाणंद रस्ते, शेततळी, कधी कुणाच्या घराचा पाया. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. माझी सॅलरी स्लिप जोडली की कर्ज लगेच मंजूर होणार होतं. डाउन पेमेंटसाठी पाच लाख लागत होते आणि तेवढेच मी चार वर्षांत फ्लॅटसाठी साठवले होते. अण्णांनी ते मागितले नव्हते. त्यांनी फक्त फाइल ठेवली होती.

"किती दिवस दुसऱ्याच्या मशीनची वाट बघायची?" एवढंच म्हणाले.

मी सही केली नाही. नाहीही म्हणालो नाही. "दोन दिवस द्या, हिशेब करून बघतो," म्हणालो. आई आतून म्हणाली, "करा हिशेब. बापलेकांत तेवढंच बाकी होतं."

पहिला प्रश्न साधा होता. वर्षाला आपल्याला मशीन किती तास लागतं? अण्णा म्हणाले, "रोजचे आठ तास धर. पावसाळा सोडून दोनशे दिवस. सोळाशे तास." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मीही जवळजवळ तेवढेच लिहिणार होतो. पण अण्णांची एक सवय मला माहीत होती. मशीन भाड्याने आलं की ते सकाळचं आणि संध्याकाळचं मीटर रीडिंग वहीत लिहितात, कारण बिल मीटरवर होतं. इंजिन जेवढा वेळ चालू तेवढाच हा मीटर पुढे सरकतो. जून ते मे अशा पूर्ण वर्षाच्या वह्या मी काढल्या आणि रात्री एकेक दिवस शीटमध्ये भरला.

बेरीज आली 740 तास.

मी दोनदा तपासली. जुलै आणि ऑगस्टमध्ये शून्य. जूनमध्ये 20, सप्टेंबरमध्ये 10, कारण आमच्याकडची काळी माती भिजली की मशीन शेतात घालणं म्हणजे ते काढायला दुसरं मशीन बोलावणं. ऑक्टोबरला 45, मग हळूहळू चढत जानेवारीला 95, फेब्रुवारीला 120 आणि मार्च एंडच्या घाईत 145. एप्रिल-मे पुन्हा उतरते. अण्णांच्या आठवणीत राहिला होता तो मार्च. माणसाला घाईचे दिवस लक्षात राहतात, रिकामे राहत नाहीत. त्यात चूक काही नाही, पण कर्ज मार्चच्या आठवणीवर काढलं तर जुलैमध्ये फेडता येत नाही.

मग भाड्याचा भाव. आमच्या भागात डिझेल आणि ऑपरेटरसकट तासाला 1,300 रुपये. म्हणजे 740 तासांचे 9 लाख 62 हजार. ही रक्कम बघून अण्णांची बाजू खरी वाटायला लागते. दर वर्षी साडेनऊ लाख दुसऱ्याला द्यायचे, त्यापेक्षा हप्ता भरला तर मशीन आपलं होतं. गावात प्रत्येक जण हेच सांगतो. इथे चूक अशी होते की हप्ता म्हणजेच मशीनचा खर्च असं धरलं जातं.

म्हणून मी खर्चाचे दोन ढीग केले. पहिला ढीग मशीन उभं असलं तरी लागणाऱ्या पैशांचा. दुसरा ते चाललं तरच लागणाऱ्या पैशांचा. (सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत. तो आधी भरावा लागतो, पण नोंदणी असलेल्या कंत्राटदाराला कामांच्या बिलांतून वळता करून घेता येतो.)

पहिल्या ढिगात सगळ्यात मोठी गोष्ट घसारा. मशीन 30 लाखांचं. पाच वर्षं वापरून विकलं तर 15 लाखांच्या आसपास मिळतील, असं मी दोन जुन्या मशीनच्या दलालांना विचारून धरलं. म्हणजे वर्षाला तीन लाख रुपये हवेत जातात. ते कुणी खिशातून मागत नाही, म्हणून दिसत नाहीत.

मग व्याज. फायनान्सवाल्याने कागदावर लिहिलं होतं: "25 लाख, 4 वर्षं, 5.75 टक्के फ्लॅट, हप्ता 64,063." पावणेसहा टक्के ऐकून मलाही क्षणभर स्वस्त वाटलं, कारण माझ्या मित्रांची गृहकर्जं त्याहून महाग आहेत. पण फ्लॅट म्हणजे चारही वर्षं व्याज पूर्ण 25 लाखांवर मोजतात. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, तरी व्याज त्या फेडलेल्या पैशांवरही चालू राहतं. खरा दर काढायला शीटमध्ये एक ओळ पुरते:

```
=RATE(48,-64063,2500000)*12
```

उत्तर साडेदहा टक्क्यांच्या किंचित वर येतं. कुणीही फ्लॅट दर सांगितला की त्याला फक्त हप्ता आणि महिने विचारा आणि ही ओळ टाका. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, पण दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली लांबी एकमेकांशी ताडून बघता येत नाही. चार वर्षांचं व्याज 5 लाख 75 हजार. ते पाच वर्षांवर पसरलं आणि माझे पाच लाख बँकेत ठेवले असते तर आलेलं व्याज त्यात मिळवलं, की वर्षाला दीड लाख होतात.

विमा, कागदपत्रं आणि पासिंगला वर्षाला पन्नास हजार धरले. ऑपरेटरचा पगार भत्त्यासकट महिन्याला 25 हजार. पावसाळ्याचे चार महिने त्याला सोडलं, तर आठ महिन्यांचे दोन लाख. पहिला ढीग झाला सात लाखांचा.

दुसरा ढीग तासाचा. तासाला साधारण पाच लिटर डिझेल, म्हणजे 460 रुपये. आणि दुरुस्ती. इथे मी सुरुवातीला अडलो, कारण नवीन मशीन पहिल्या वर्षी जवळजवळ काहीच मागत नाही. वॉरंटी असते, फक्त ऑइल आणि फिल्टर बदलायचे. मालक खूश असतो. पण बकेटचे दात रोज झिजत असतात, पिना आणि बुश सैल होत असतात, होज पाइप उन्हात कडक होत असतात. टायरचा पूर्ण संच लाखभर रुपयांचा आहे, आणि मुरमाच्या कामात तो तीन हजार तासांच्या आसपास संपतो. म्हणजे एकेक तासाला 33 रुपयांचा टायर झिजतो, बिल मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदम येतं. हायड्रॉलिक पंप किंवा गिअरबॉक्सचं काम निघालं तर तेही तसंच. म्हणून ऑइल, दात, पिना, पाइप, टायर आणि मोठ्या कामासाठी बाजूला काढायची रक्कम मिळून मी तासाला 200 धरले. एका गॅरेजवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "ऑपरेटर चांगला असला तर पुरतील."

म्हणजे चाललेल्या तासाला 660 रुपये. भाड्याचा तास 1,300 चा. स्वतःचं मशीन चाललं की प्रत्येक तासाला 640 रुपये वाचतात. प्रश्न इतकाच उरतो की सात लाख भरून निघायला असे किती तास लागतील. सात लाखांना 640 ने भागलं की उत्तर येतं 1,094.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना शीट दाखवली. मनातून घाबरलो होतो. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या धंद्यावर मी लॅपटॉप ठेवून बोलतोय असं त्यांना वाटेल, ही भीती होती. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. ऑपरेटरच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

"काय?"

"आठ महिन्यांचा पगार धरलायस. जूनमध्ये ऑपरेटरला सोडलं तर नोव्हेंबरात तो परत येतो होय रे? चांगला हात असेल तर दुसरा मालक त्याला आठ दिवसांत उचलतो. मग नवा पोरगा आणायचा, त्याने चारीत पाण्याची लाइन फोडायची, बूम कुठंतरी आपटायचा. चांगला ऑपरेटर ठेवायचा तर बारा महिने पोसावा लागतो. तीन लाख लिही."

मी तीन लाख लिहिले. ढीग आठ लाखांचा झाला आणि खालच्या चौकटीतला आकडा 1,094 वरून 1,250 वर गेला. अण्णांनी तो जाताना पाहिला. स्वतःच्याच विरुद्ध जाणारी दुरुस्ती त्यांनी स्वतः सांगितली होती, आणि ते त्यांना कळलं होतं. काही बोलले नाहीत. चहा संपवला.

740 तासांना स्वतःच्या मशीनचा पूर्ण खर्च 12 लाख 88 हजार होतो. भाड्याचा 9 लाख 62 हजार. म्हणजे मशीन आपलं आहे या समाधानाचे वर्षाला सव्वातीन लाख रुपये.

"आणि मशीन येत नाही त्या दिवसांचं काय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न खरा होता आणि माझ्या शीटमध्ये नव्हता. भाड्याच्या धंद्यात मार्चमध्ये मालक राजा असतो. सकाळी आठला येतो म्हणतो आणि दुपारी फोन बंद. आठ मजूर आणि पाइपचा ट्रॅक्टर उभे राहतात. आम्ही पुन्हा वह्या काढल्या. अशा दिवशी अण्णा वहीत फक्त "नाही आला" लिहितात. वर्षात असे अकरा दिवस निघाले. मजुरी, ट्रॅक्टर आणि चुकलेलं काम मिळून दिवसाला आठ हजारांचं नुकसान धरलं, तर 88 हजार. तरी दोन लाख 38 हजारांची तूट राहत होती.

"रिकाम्या वेळात बाहेर भाड्याने देऊ," अण्णा म्हणाले. हे सगळेच म्हणतात. 740 वरून 1,250 ला जायला बाहेरचे 510 तास हवेत. पण आम्हाला मशीन लागतं त्याच महिन्यांत सगळ्यांना लागतं, आणि आमचं रिकामं असतं तेव्हा सगळ्यांचंच रिकामं असतं. शिवाय बाहेरच्या तासाचं डिझेल आज घालावं लागतं आणि पैसे कधी येतील ते समोरच्यावर. हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या एका दोस्ताचं मशीन फायनान्सवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी ओढून नेलं. त्याच्याकडे काम भरपूर होतं. बिलं सहा महिने अडकली होती, हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला होता. आमचा हिशेब घातला तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हप्ता आणि ऑपरेटर मिळून 3 लाख 56 हजार भरायचे होते, आणि त्या चार महिन्यांचं काम होतं तीस तास.

जुनं मशीन घेऊ, हाही विचार झाला. 14 लाखांचं, सहा-सात वर्षांचं. मला वाटलं इथे आकडा एकदम खाली येईल. आला नाही. घसारा आणि विमा कमी झाला, पण जुन्या मशीनला कर्ज महाग मिळतं, दुरुस्ती तासाला 200 वरून 350 वर जाते आणि ऑपरेटरचा पगार मशीनच्या वयाप्रमाणे कमी होत नाही. उत्तर आलं 1,180 च्या आसपास. तरी एक मशीन बघायला आम्ही गेलो. त्याच्या मीटरवर 4,100 तास होते. गॅरेजवाले काका मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पायाखालची पेडलं बघितली, ती गुळगुळीत झाली होती. बूम उचलून इंजिन बंद करायला लावलं आणि बाजूला उभे राहून तंबाखू मळली. दहा मिनिटांत बकेट वीतभर खाली आली, म्हणजे आतून तेल गळत होतं, सिलिंडरच्या सिलातून किंवा वॉल्व्हमधून. मग बकेट हाताने हलवून पिनांमधला खेळ दाखवला. "मीटर बदलता येतो," ते म्हणाले, "पेडल कोण बदलत नाही."

त्या रात्री मी वह्यांचा महिनावार तक्ता पुन्हा उघडला. वर्षाची बेरीज बघत बसल्यामुळे एक गोष्ट निसटली होती. आमच्या भागात मशीन महिन्याच्या भाड्यानेही मिळतं. 90 हजार रुपये, ऑपरेटर मालकाचा, डिझेल आपलं, दोनशे तासांपर्यंत. तासाच्या भाड्यातून डिझेलचे 460 वजा केले तर 840 उरतात. 90 हजारांना 840 ने भागलं की 107. ज्या महिन्यात 107 पेक्षा जास्त तास लागतात त्या महिन्यात मशीन महिन्याने घ्यावं, बाकीच्या महिन्यांत तासाने. आमच्या वहीत असे दोनच महिने होते, फेब्रुवारी आणि मार्च. दोन्ही मिळून 42 हजार वाचले असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे "नाही आला"चे अकरापैकी नऊ दिवस याच दोन महिन्यांतले होते. मशीन महिनाभर आपल्याच कामावर उभं असेल तर ते दिवसच राहत नव्हते.

अण्णांना हे पटलं, पण चेहरा उतरलेला होता. रात्री जेवताना म्हणाले, "हिशेब बरोबर आहे तुझा. मला फक्त एकदा कुणाला फोन न करता काम सुरू करायचं होतं." याला माझ्याकडे रकाना नव्हता. मी भात कालवत राहिलो.

जानेवारीत एका मालकाशी दोन महिन्यांचं ठरलं. अण्णांनी अटी स्वतः सांगितल्या, मी टाइप केल्या. रोजचं रीडिंग दोघांच्या सहीने. मशीन दिवसभर बंद पडलं तर त्या दिवसाचे तीन हजार वजा. दोनशेच्या वरच्या तासाचा भाव आधीच लिहिलेला.

मी फेब्रुवारीत दोन दिवस घरी आलो तेव्हा साइटवर बसलो आणि मोबाइलवर वेळ मोजली. मीटर दिवसभरात 6.8 तास पुढे गेला. त्यातले 2.1 तास मशीन नुसतं चालू होतं, ट्रॉली रिकामी होऊन परत यायची वाट बघत. तासाने भाडं असताना त्या थांबण्याचे आम्ही तासाला 1,300 देत आलो होतो. माझ्या 740 मधलेही सगळे तास कामाचे नव्हते. मी हे सांगितल्यावर अण्णांनी ऑपरेटरला एवढंच सांगितलं, "ट्रॉली दिसेपर्यंत बंद ठेव." डिझेल आता आमचं होतं, त्यामुळे ते लगेच वाचायला लागलं.

यंदा फेब्रुवारीत 118 आणि मार्चमध्ये 162 तास झाले. तासाच्या भाड्यापेक्षा 55 हजार कमी गेले. मशीन दोन दिवस बंद पडलं, त्याचे सहा हजार मालकाने कुरकुरत वजा केले. पहिल्यांदाच मार्चचं काम पंचवीस तारखेला संपलं.

ती फाइल अजून कपाटात आहे, पेन्सिलीची खूणही तशीच. पाडव्याला मी घरी गेलो तेव्हा अण्णा नवी वही घेऊन बसले होते. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्यांनी मोठ्या अक्षरात 1250 लिहून त्याभोवती चौकट केली होती. खाली महिन्यांची नावं.

"ज्या वर्षी बेरीज इथवर जाईल," ते म्हणाले, "त्या वर्षी सही कर. तोवर मागणार नाही."

मी हो म्हणालो. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "पण डिझेलचा भाव बदलला की हा आकडा बदलतो का रे?"

मी थोडा विचार केला. भाड्याचा भावही त्याबरोबर वाढला तर फारसा नाही, म्हणालो. भाडं तेवढंच राहिलं आणि डिझेल वाढलं, तर स्वतःच्या मशीनवर तासाला वाचणारे पैसे कमी होतात, म्हणून आकडा वर जातो.

त्यांनी चौकटीतला आकडा खोडला आणि तोच पुन्हा पेन्सिलीने लिहिला.